बायोडाटावर आणि लग्नपत्रिकेवर संपर्कासाठी कोणाचा क्रमांक द्यावा?

बायोडाटा तयार करताना फोटो कोणता लावायचा यावर घरात दोन दिवस चर्चा चालते आणि लग्नपत्रिकेचा मजकूर ठरवताना कोणाचे नाव आधी घ्यायचे यावर त्याहून जास्त. संपर्क क्रमांकाची ओळ मात्र अगदी शेवटी, छापखान्यातून फोन आल्यावर भरली जाते. त्यामुळे दोन चुका वारंवार दिसतात. बायोडाटावर मुलीचा किंवा मुलाचा स्वतःचा, बँकेच्या खात्याला जोडलेला क्रमांक जातो आणि लग्नपत्रिकेवर वधूच्या वडिलांचा क्रमांक जातो, जे पाहुण्यांचे सर्वाधिक फोन येण्याच्या वेळी कन्यादानाच्या पाटावर बसलेले असतात. या दोन्ही ठिकाणी क्रमांक कसा निवडावा, तो देण्याआधी काय तयारी करावी आणि केव्हा काढून घ्यावा, याचा क्रम पुढे दिला आहे. स्थळे पाहायला सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या टप्प्यापासून वाचावे. लग्न ठरलेल्या घरांनी पहिला टप्पा वाचून थेट पाचव्यावर गेले तरी चालेल.

## टप्पा १ : कोणते फोन येणार आहेत, ते आधी लिहून काढावे

क्रमांक कोणाचा द्यायचा हे नात्याच्या मानापेक्षा येणाऱ्या प्रश्नांवरून ठरवावे. बायोडाटा वाचून फोन करणारी व्यक्ती अनोळखी असते. तिला जन्मवेळ, नाडी, शिक्षण, नोकरीचे ठिकाण, घरची माणसे आणि अपेक्षा यांविषयी विचारायचे असते. बोलणे दहा-पंधरा मिनिटे चालते आणि ते बहुधा संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान होते. लग्नपत्रिका वाचून फोन करणारी व्यक्ती ओळखीची असते. तिला कार्यालय नेमके कोठे आहे, गाडी कोठे लावायची, बसने आल्यास कोठे उतरायचे, मुक्कामाची सोय आहे का, एवढेच हवे असते. बोलणे एका मिनिटात संपते, पण असे फोन लग्नाच्या सकाळी दोन-तीन तासांत एकामागून एक येतात.

पहिल्या प्रकारच्या फोनला माहिती आणि सबुरी असलेला माणूस लागतो, दुसऱ्याला हात मोकळे असलेला. एकच व्यक्ती दोन्ही कामे करू शकेल, असे क्वचितच घडते. म्हणून एका कागदावर दोन रकाने करावेत, प्रत्येकात अपेक्षित प्रश्न लिहावेत आणि समोर, त्या वेळी फोन उचलून त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल अशा व्यक्तीचे नाव लिहावे.

तपासणी : ज्याचे नाव लिहिले त्याला तसे विचारले आहे का? 'काकांचाच टाका, ते काही म्हणणार नाहीत' असे म्हणून दिलेले क्रमांक हमखास बंद किंवा व्यग्र मिळतात. होकार तोंडी घेतला तरी चालतो, पण तो त्या व्यक्तीकडूनच घेतलेला असावा.

## टप्पा २ : स्थळासाठी व्यक्ती निवडणे

माझ्या मते बायोडाटावर पहिला क्रमांक आईचा असावा. पहिल्या फोनवर जे विचारले जाते त्यातले बरेचसे तिला कागद न पाहता सांगता येते आणि पुण्यात अशा फोनची सुरुवात दुसऱ्या बाजूनेही बहुतेक वेळा आईच करते. वडील निवृत्त असतील, बोलके असतील आणि मुलाच्या किंवा मुलीच्या अपेक्षा त्यांना खरोखर माहीत असतील, तर त्यांचा क्रमांक दिल्याने काही बिघडत नाही. मात्र फोन घेऊन 'थांबा हं, हिला देतो' असेच म्हणायचे असेल, तर पहिल्या जागी तिचाच क्रमांक द्यावा.

आई-वडिलांचे वय झाले असेल, ऐकू कमी येत असेल किंवा ते पुण्याबाहेर राहत असतील, तर थोरला भाऊ, वहिनी किंवा विवाहित बहीण यांची निवड करावी. विवाहित बहिणीचे आडनाव वेगळे असल्याने फोन करणारा गोंधळतो आणि आपण मध्यस्थाशी बोलत आहोत असे समजून फोन ठेवतो. त्यामुळे तिच्या नावापुढे 'मुलीची थोरली बहीण' असे स्पष्ट लिहावे. पुनर्विवाहाच्या किंवा मोठ्या वयातील विवाहाच्या बाबतीत उमेदवाराने स्वतः बोलणे अनेकदा अधिक योग्य असते, कारण आधीच्या विवाहाविषयीचे प्रश्न दुसऱ्याने घ्यावेत असे नसतात. तेथेही नेहमीचा क्रमांक न देता पुढच्या टप्प्यात सांगितल्याप्रमाणे वेगळा क्रमांक घ्यावा.

कोणाचा क्रमांक देऊ नये, हेही ठरलेले असावे. पंचवीस-तीस वर्षांच्या मुलीचा स्वतःचा क्रमांक बायोडाटावर असला की तो फोटोसह, शिक्षणासह आणि नोकरीच्या ठिकाणासह कितीतरी गटांमध्ये फिरतो आणि रात्री अकराला 'हाय' असा संदेश पाठवणाऱ्यांच्या हातीही पडतो. कार्यालयाचा दूरध्वनी किंवा कंपनीने दिलेला मोबाइल देऊ नये. नोकरी बदलली की तो परत जातो आणि स्थळांचे फोन नव्या कर्मचाऱ्याला जातात. शेजारी, दूरचे नातेवाईक किंवा 'सगळ्यांची लग्ने जमवणारे' ओळखीचे गृहस्थ यांचा क्रमांक घरच्या क्रमांकाच्या जागी देऊ नये. त्यांना तुमचा नकार किंवा होकार देण्याचा अधिकार नसतो आणि प्रत्येक गोष्ट 'विचारून सांगतो' यावर अडते. मध्यस्थ असतीलच, तर 'मध्यस्थ' असे लिहून त्यांची वेगळी ओळ द्यावी.

इशारा : दोनपेक्षा जास्त क्रमांक देऊ नयेत. आई, वडील, मामा आणि भाऊ असे चार क्रमांक दिले की एकाच स्थळाला चौघे चार प्रकारची माहिती देतात आणि आईने सौम्य शब्दांत नाकारलेल्या स्थळाला मामा घरी यायचे निमंत्रण देऊन बसतात.

## टप्पा ३ : क्रमांकाची तयारी

या टप्प्यास अर्धा दिवस लागतो आणि नेमका तोच वगळला जातो. फोन आई घेणार असली तरी तिचा नेहमीचा क्रमांक देण्याऐवजी तिच्या नावावर नवे प्रीपेड सिम घ्यावे. बहुतेक राज्यांत एका व्यक्तीच्या नावावर नऊपर्यंत जोडण्या असू शकतात, त्यामुळे यात कायद्याची अडचण नाही. आजचे बहुतेक फोन दोन सिम घेतात, म्हणजे वेगळा फोन विकत घेण्याचीही गरज पडत नाही.

वेगळ्या सिमचे कारण साधे आहे. नेहमीच्या क्रमांकावर बँकेचे ओटीपी येतात आणि यूपीआय ॲपमध्ये तो क्रमांक टाकल्यास खातेदाराचे पूर्ण नाव दिसते. बायोडाटावर जन्मतारीख, जन्मस्थळ, आईचे माहेर आणि घरचा पत्ता आधीच असतो. त्याच कागदावर बँकेला जोडलेला क्रमांकही असला, तर ग्राहक सेवेचा माणूस असल्याची बतावणी करून फोन करणाऱ्याला लागणारी सगळी माहिती एका पानावर मिळते. म्हणून नवा क्रमांक बँक, आधार, यूपीआय किंवा डिजिलॉकर यांपैकी कशालाही जोडू नये.

सिम सुरू झाल्यावर पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात. प्रथम त्या क्रमांकावर व्हॉट्सॲप सुरू करून टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन ठेवावा. मग प्रोफाइल फोटो आणि लास्ट सीन फक्त संपर्क यादीतील लोकांनाच दिसेल असे करावे. प्रोफाइल फोटो म्हणून मुलीचा फोटो ठेवू नये. गणपतीचा किंवा फुलाचा ठेवला तरी काम भागते. नावाच्या जागी घरातील हाक न लिहिता बायोडाटावर असेल तेच नाव लिहावे. त्यानंतर ओळखीच्या दोन-तीन जणांना नव्या क्रमांकावरून फोन करून त्यांच्या पडद्यावर कोणते नाव दिसते ते विचारावे. नवे म्हणून मिळालेले सिम पूर्वी दुसऱ्या कोणाचे असू शकते, कारण बंद झालेला क्रमांक किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. अशा क्रमांकावर ट्रूकॉलरमध्ये 'लोन एजंट' किंवा एखाद्या दुकानाचे नाव झळकत असेल, तर समोरचे कुटुंब फोन उचलतच नाही. तसे दिसल्यास दुसरे सिम घेणे सोपे पडते.

शेवटी त्या फोनवरून `*#21#` लावून कॉल दुसरीकडे वळवला जात नाही ना, हे पाहावे आणि फोनशेजारी एक वही ठेवावी. वहीत तारीख, फोन करणाऱ्याचे नाव, गाव, स्थळ कोठून कळले आणि काय ठरले, एवढे पाच रकाने पुरेसे आहेत. महिनाभरात कोणत्या कुटुंबाला काय सांगितले ते लक्षात राहत नाही आणि दोनदा फोन करायला लावणे समोरच्याला अपमानास्पद वाटते.

तपासणी : नव्या क्रमांकावर बाहेरून फोन लावून पाहावा, एक व्हॉट्सॲप संदेश पाठवून पाहावा आणि रिचार्जची मुदत फोनच्या दिनदर्शिकेत नोंदवावी. फक्त येणारे फोन घेण्यासाठी ठेवलेल्या सिमचे रिचार्ज संपल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

## टप्पा ४ : बायोडाटावर ओळ कशी लिहावी

संपर्काची ओळ पानाच्या तळाशी, एकाच जागी असावी. व्यक्तीचे नाव, उमेदवाराशी नाते, क्रमांक आणि फोनची वेळ या चार गोष्टी तीत याव्यात. उदाहरणार्थ : 'संपर्क : सौ. … (मुलीची आई), मोबाइल …, सायंकाळी 7 ते 9. कृपया आधी व्हॉट्सॲपवर आपला परिचय पाठवावा.' शेवटचे वाक्य रूक्ष वाटेल, पण ते फार उपयोगी आहे. गंभीरपणे विचार करणारे कुटुंब परिचय पाठवतेच आणि फोनवर बोलण्यापूर्वी त्यांची माहिती आपल्या हाती असते.

त्याखाली 'ही माहिती अमुक महिन्यापर्यंत ग्राह्य' अशी छोटी ओळ घालावी आणि साधारण सहा महिन्यांनी बायोडाटा नव्या तारखेने काढावा. व्हॉट्सॲपवर गेलेला बायोडाटा परत घेता येत नाही. लग्नाला दोन वर्षे झाल्यावरही फोन येत असल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. तारीख पाहून निदान काही जण तरी थांबतात.

बायोडाटाच्या दोन प्रती ठेवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. गटांमध्ये पाठवायच्या प्रतीत रास, नक्षत्र, चरण, गण आणि नाडी द्यावी. गुणमेलन पाहण्यास एवढे पुरते. पूर्ण जन्मतारीख, जन्मवेळ आणि घरचा पत्ता असलेली दुसरी प्रत पहिले बोलणे झाल्यावर, समोरच्यांनी कुंडली पाहण्यासाठी मागितल्यास द्यावी. वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात पूर्ण माहिती भरावी लागते. तेथे ती माहिती सभासदांना कितपत दाखवली जाते आणि लग्न ठरल्यावर कशी काढली जाते, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावे.

विवाह संकेतस्थळावर आणखी एक चूक होते. संपर्कासाठी असलेला वेगळा रकाना सोडून लोक 'माझ्याविषयी' या मजकुरात किंवा फोटोवरच क्रमांक लिहितात, म्हणजे संकेतस्थळाने तो कोणाला दाखवायचा यावर ठेवलेले नियंत्रण निरुपयोगी होते. क्रमांक फक्त त्याच्या रकान्यातच भरावा आणि 'विचारणा मान्य केल्यावर दाखवा' असा पर्याय असल्यास तो निवडावा.

इशारा : पहिल्या चार-दोन फोनांतच परदेशातून पाठवलेली भेट विमानतळावर अडकली आहे, सीमाशुल्क भरायचे आहे किंवा अचानक दवाखान्याचा खर्च आला आहे असे सांगून कोणी पैसे मागितले, तर ते स्थळ नाही. पैसे गेले असतील, तर त्याच क्षणी 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

## टप्पा ५ : लग्नपत्रिकेसाठी व्यक्ती निवडणे

लग्न ठरल्यावर सर्वांत आधी बायोडाटाचा क्रमांक लग्नपत्रिकेवर जाणार नाही याची काळजी घ्यावी. आता वेगळी माणसे लागतात आणि ती निवडताना विधींचा क्रम समोर ठेवावा लागतो.

मुहूर्त सकाळी 11 वाजून 40 मिनिटांचा आहे असे धरू. पाहुण्यांचे फोन साधारण साडेनऊपासून वाढत जातात आणि अकरा ते पावणेबाराच्या दरम्यान सर्वाधिक येतात. या वेळात वधूचे आई-वडील विधींच्या पाटावर असतात. वधू गौरीहरापाशी बसलेली असते. मुहूर्त जवळ आला की मामा तिला बोहल्यावर घेऊन येतात आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या मागे उभे असतात, म्हणून मामांचा क्रमांकही बाद होतो. करवली हातात कऱ्हा आणि दिवा घेऊन उभी असते. वधूच्या भावाला लाजाहोमाच्या वेळी लाह्या द्यायच्या असतात आणि कानपिळीचा मानही त्याचाच, शिवाय त्याआधी तो वरपक्षाच्या स्वागताला दारात असतो. पत्रिकांवर 'संपर्क' म्हणून जी पाच नावे नेहमी दिसतात, ती पाचही माणसे नेमक्या त्या तासात फोन घेऊ शकत नाहीत.

मोकळे राहणारे लोक दुसरे असतात : धाकटे काका, आत्येचे यजमान, मावसभाऊ, आत्तेभाऊ, सोसायटीतील जवळचे कुटुंब. त्यांतून दोन व्यक्ती निवडाव्यात. एकीला लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंतचे काम द्यावे, म्हणजे मुक्काम, किती जण येणार आणि सीमांतपूजनाची वेळ यांसारख्या चौकशा. दुसरीला फक्त लग्नाच्या दिवसाचे काम द्यावे. पहिल्यासाठी घरचे निर्णय माहीत असलेला वडीलधारा माणूस हवा; दुसऱ्यासाठी पुण्याचे रस्ते पाठ असलेला आणि न चिडणारा तरुण हवा.

कोथरूडमधील एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. कार्यालय कर्वे रस्त्याच्या बाजूला, नळ स्टॉपजवळ. वधूचे आजोळ साताऱ्याचे, वडिलांचे भाऊबंद नाशिकचे, वरपक्ष चिंचवडचा. मजकुरात वडील आणि मामा यांचे क्रमांक लिहिले गेले होते. विधींचा वरचा क्रम समोर ठेवल्यावर दोघेही वगळले गेले आणि त्यांच्या जागी वडिलांचे धाकटे बंधू आणि पुण्यातच राहणारा आत्तेभाऊ आले. काकांना मुक्कामाच्या खोल्यांची यादी दिली गेली. आत्तेभावाने एका चिठ्ठीवर चार उत्तरे लिहून ठेवली : साताऱ्याहून एसटीने येणाऱ्यांनी स्वारगेटला उतरून रिक्षा करावी, नाशिकच्या गाड्या वाकडेवाडीच्या स्थानकावर येतात, तेथून शिवाजीनगरला येऊन मेट्रोने, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून डेक्कनच्या दिशेने नळ स्टॉप गाठावे, स्वतःची गाडी घेऊन डेक्कनकडून येणाऱ्यांनी नळ स्टॉपच्या उड्डाणपुलावर चढू नये, खालच्या रस्त्याने यावे, आणि कार्यालयाचे आवार भरल्यावर गाडी कोठे लावायची ते आदल्या दिवशी व्यवस्थापकांना विचारून घेतलेले ठिकाण. तिसरे उत्तर सर्वांत जास्त वेळा द्यावे लागते, कारण पुलावर चढलेली गाडी कार्यालयाच्या वरून पुढे निघून जाते आणि वळून येण्यात मुहूर्त हुकतो.

तपासणी : निवडलेल्या दोघांपैकी कोणाला फोटोंसाठी, वरातीसाठी किंवा पंगतीच्या देखरेखीसाठी आधीच नेमलेले नाही ना? घरातला सर्वांत कामसू मुलगा सर्वांनी गृहीत धरलेला असतो.

कार्यालयाचा दूरध्वनी संपर्क म्हणून छापायचा असेल, तर व्यवस्थापकांची परवानगी घ्यावी. एका दिवसात सकाळ-संध्याकाळ दोन कार्ये असली की तेथील माणूस 'कोणाचे लग्न?' असे विचारतो आणि कधी कधी दुसऱ्याच कार्याची वेळ सांगून मोकळा होतो. केटररचा किंवा सजावटवाल्याचा क्रमांक तर कधीही देऊ नये.

वराकडची पत्रिका वेगळी छापली जात असेल, तर त्यांच्याकडील संपर्क त्यांनीच ठरवावा. पत्रिका एकच असल्यास दोन्ही बाजूंची एकेक व्यक्ती घ्यावी आणि नावापुढे 'वधूपक्ष' किंवा 'वरपक्ष' असे लिहावे. नाहीतर चिंचवडचे पाहुणे वधूच्या काकांना बसची वेळ विचारतात.

## टप्पा ६ : छपाई आणि प्रूफ

संपर्काची ओळ 'निमंत्रक' आणि 'आपले विनीत' यांच्या नामावळीत मिसळू नये. तेथे नावे मानाने येतात, संपर्काच्या ओळीत कामाने. कार्यस्थळाच्या पत्त्याखाली, वेगळ्या ओळीत ती द्यावी, म्हणजे रस्त्यात थांबून पत्रिका पाहणाऱ्याला पत्ता आणि क्रमांक एकत्र सापडतात.

क्रमांक देवनागरी आकड्यांत छापण्याची हौस असेल, तर थोडा विचार करावा. बारीक आणि वळणदार टंकात १ आणि ९, तसेच ५ आणि ६ यांची गफलत होते आणि कार्यालयातील अमराठी सहकाऱ्यांना तो वाचता येत नाही. मुहूर्त आणि तिथी देवनागरीत, क्रमांक मात्र इंग्रजी आकड्यांत ठेवावा. दहा अंक पाच-पाचच्या दोन गटांत तोडावेत. परदेशातील नातेवाइकांना पाठवायच्या प्रतीत सुरुवातीला +91 घालावे.

प्रूफ आल्यावर क्रमांक नुसता वाचून ताडू नये. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील दुकानात असाल किंवा घरी पडद्यावर पाहत असाल, प्रूफमध्ये दिसणारा क्रमांक अंक अंक पाहून फोनवर लावावा आणि पलीकडून अपेक्षित व्यक्ती बोलली तरच मंजुरी द्यावी. फोनमध्ये साठवलेल्या नावावर टिचकी मारली, तर ही तपासणी व्यर्थ ठरते, कारण मग तपासला जातो तो साठवलेला क्रमांक. पत्रिकेवर नकाशाचा क्यूआर कोड असेल, तर तोही छापलेल्या कागदावरून, दुसऱ्याच्या फोनने उघडून पाहावा.

## टप्पा ७ : पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवणे

लग्नपत्रिकेच्या नावाखाली `.apk` धारिका पाठवून फोनचा ताबा घेण्याची फसवणूक अलीकडे सर्रास होते. ती उघडली की एक ॲप बसते, ते संदेश वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचे ओटीपी दुसरीकडे जाऊ लागतात. म्हणून आपली पत्रिका फक्त चित्र किंवा पीडीएफ म्हणून पाठवावी. ती नात्यात ओळखीच्या क्रमांकावरूनच जावी, दोन ओळींच्या वैयक्तिक निरोपासह : 'काकू, नमस्कार. आमच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवत आहे. घरी येऊन आमंत्रण करणारच आहोत.' कोणत्याही मजकुराविना आलेली धारिका ज्येष्ठ नातेवाइकांनी न उघडणेच बरे. उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे.

समाजमाध्यमांवर सर्वांसाठी पत्रिका टाकायची हौस असल्यास संपर्काची ओळ आणि घरचा पत्ता झाकलेली वेगळी प्रत काढावी. पत्रिकेवरून घर कोणत्या दिवशी, किती ते किती वाजेपर्यंत बंद असणार, हे कोणालाही कळते. पत्ता आणि क्रमांक त्याला जोडून देण्याचे कारण नाही.

तपासणी : पाठवण्याआधी धारिकेच्या नावाच्या शेवटी `.pdf` किंवा `.jpg` आहे, हे पाहावे.

## टप्पा ८ : लग्नाचा दिवस आणि त्यानंतर

आदल्या रात्री दोन्ही संपर्क व्यक्तींचे फोन पूर्ण चार्ज करून घ्यावेत आणि दिवसाची जबाबदारी असलेल्याने पॉवर बँक खिशात ठेवावी. मांडवात सनई आणि ध्वनिक्षेपकापुढे फोनची घंटा ऐकू येत नाही, म्हणून त्याने साडेनऊ ते बारा या वेळात कार्यालयाच्या फाटकाजवळच थांबावे. घरच्यांनी त्याच्यासाठी आधीच नाश्ता बाजूला काढून ठेवावा आणि मंगलाष्टकांच्या वेळी दहा मिनिटे त्याच्या जागी उभे राहणारा कोणी ठरवावा, म्हणजे त्यालाही अक्षता टाकता येतील. वधूच्या वडिलांचा फोन त्या दिवशी एखाद्या भाच्याकडे द्यावा. जुन्या ओळखीचे लोक पत्रिकेवर काहीही छापले असले तरी त्यांनाच फोन करतात.

स्थळांसाठी घेतलेले सिम साखरपुडा झाल्या दिवशी बंद करू नये. आधी विवाह संकेतस्थळावरील आणि सूचक मंडळातील नोंद काढायला लावावी, ज्यांच्याशी बोलणे चालू होते त्यांना वहीतून क्रमांक काढून फोनने कळवावे आणि व्हॉट्सॲपच्या आपोआप उत्तरात 'विवाह निश्चित झाला आहे, धन्यवाद' असे लिहून ठेवावे. त्या सोयीसाठी व्हॉट्सॲप बिझनेस लागते. ते त्याच क्रमांकावर घेता येते. असे साधारण सहा महिने चालू द्यावे. त्यानंतर सिम बंद करण्यापूर्वी त्या क्रमांकावरील व्हॉट्सॲप खाते फोनमधून काढून टाकावे, कारण काही महिन्यांनी तोच क्रमांक दुसऱ्या कोणाच्या हाती जाईल.

धाकट्या भावंडाची स्थळे लवकरच पाहायची असतील, तर सिम चालू ठेवावे. मात्र त्यावरील जुन्या गप्पा, फोटो आणि बायोडाटे काढून टाकावेत आणि नव्या बायोडाटावर तोच क्रमांक देताना मोठीचे लग्न झाले आहे, हे पहिल्याच संदेशात कळेल अशी व्यवस्था करावी.